एकाच उजेडातली माणसं

फोटो माझ्याकडे आला तेव्हा त्यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नव्हते. सव्वीस माणसं, तीन रांगा, मधोमध खुर्च्यांवर आजोबा आणि आजी. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. औक्षण उरकल्यावर, पानं मांडायच्या आधी, सगळ्यांना ओसरीवर उभं करून हा फोटो घेतलेला. आजींच्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं असावं इतकं ताजं दिसत होतं.

श्रावणाचे दिवस, म्हणून चौकावर निळी ताडपत्री ताणलेली. ओसरीच्या डाव्या टोकाला चौकातून उजेड येत होता, पण तो ताडपत्रीतून गाळून आलेला. उजव्या टोकाला माजघराचं दार आणि दारावर जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा. डावीकडची माणसं थंडीनं काकडल्यासारखी निळसर, उजवीकडची हळदीत बुडवून काढल्यासारखी, आणि मधल्या दोन-तीन जणांचा एक गाल इकडचा, एक तिकडचा. उजवीकडे, दिव्याच्या थोडं पलीकडे, नऊवारीतल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा जवळजवळ अंधारातच होता.

फोटोसोबत नातीचा निरोप होता : "ताई, सगळ्यांचे चेहरे एकसारखे करून द्या. आणि थोरल्या काकू फार काळ्या आल्यात, त्यांना जरा उजळ करा."

मी अल्बमची आणि फोटो दुरुस्तीची कामं करते. असा निरोप महिन्यातून दोन-चार वेळा तरी येतो. तरीही 'एकसारखे' हा शब्द आला की माझा हात थांबतो, कारण हा शब्द मी एकदा चुकीचा ऐकला होता.

या कामात मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका घरच्या लग्नातला असाच मोठा समूह, अर्धा मांडवाच्या नारिंगी कापडाखाली, अर्धा उघड्यावर. मी त्यातल्या सगळ्यांत चांगला उजेड मिळालेल्या मुलीचा गाल निवडला, त्याचे आकडे टिपून घेतले आणि एकेका चेहऱ्यावर मास्क करून प्रत्येकाला त्या आकड्यापर्यंत आणलं. काम स्वच्छ झालं होतं, कुठे कड दिसत नव्हती, डाग नव्हता. वीस बाय तीसचा प्रिंट काढून, फ्रेम करून मी तो पोचवला. घरातली थोरली मुलगी, सावळी, तरतरीत चेहऱ्याची, फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "छान आलाय फोटो. फक्त मी नाही त्यात."

ती फ्रेम मी परत आणली आणि फोटो पहिल्यापासून केला. पण तिचं वाक्य तिथे संपलं नाही. मी त्या घरातल्या गोऱ्या, निमगोऱ्या, गव्हाळ, सावळ्या सगळ्या माणसांना एकाच वर्णाचं करून टाकलं होतं. घरच्यांनी मला उजेड जुळवायला सांगितला होता आणि मी माणसं जुळवून ठेवली होती.

पुढे कळलं की ही चूक माझ्या एकटीची नव्हती. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचं छायाचित्र पाठवत असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या कार्डावरची त्वचा बरोबर छापली गेली की यंत्र बरोबर लागलं, असं धरून बाकीच्यांचे फोटो निघत. एका फ्रेममध्ये गोरा आणि काळा चेहरा शेजारी आला की काळ्या चेहऱ्यातले बारकावे हरवत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली कार्डं यायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. मी त्या मुलीच्या गालाचे आकडे टिपले तेव्हा नकळत माझ्यापुरतं एक शर्ली कार्डच तयार केलं होतं.

म्हणून आता मी काम सुरू करते ते एका साध्या हिशेबापासून. कॅमेऱ्यात जो आकडा उमटतो तो एकट्या त्वचेचा नसतो. तो गुणाकार असतो : किती आणि कसला उजेड पडला, गुणिले त्वचेनं त्यातला किती परत पाठवला. गडद चेहरा गडद आला, तो सावळा होता म्हणून की अंधारात होता म्हणून, हे त्या एका आकड्यावरून कधीच कळत नाही. गुणाकार माहीत आहे आणि दोन्ही संख्या माहीत नाहीत, अशी ती अवस्था. गणित सुटायला आणखी एखादी गोष्ट ठाऊक असावी लागते. तीच माणसं दुसऱ्या उजेडात कशी दिसतात, किंवा एकच वस्तू दोन्ही उजेडांत कशी दिसते. दोन्ही मिळालं तर फारच उत्तम.

मी नातीला फोन केला आणि त्या दिवसाचे सगळे फोटो मागितले, चांगले-वाईट सगळे. तिला वाटलं मला दुसरा चांगला समूह-फोटो हवाय. ती म्हणाली, "ताई, बाकीचे नुसते इकडचे तिकडचे आहेत, स्वयंपाकघरातले, परसातले." मला तेच हवे होते.

परसातला एक फोटो फार कामाचा निघाला. विहिरीच्या कट्ट्याशी थोरल्या काकू आणि धाकट्या काकू, दोघी जावा, हातात पत्रावळींचे गठ्ठे घेऊन उभ्या. वर सगळं ढगाळ आभाळ. ढगाळ आभाळासारखा प्रामाणिक दिवा दुसरा नाही. तो सगळीकडून सारखा येतो, रंगानं फारसा झुकत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांत दुजाभाव करत नाही. त्या फोटोत दोघींमध्ये जो फरक दिसत होता तो त्यांचा स्वतःचा होता.

आयड्रॉपरचा Sample Size मी 5 by 5 Average वर ठेवते, म्हणजे एका ठिपक्यावर भरवसा न ठेवता पंचवीस ठिपक्यांची सरासरी मिळते. मोजायचं गालाच्या उंचवट्याखाली, जिथे चमक नाही आणि सावलीही नाही. कपाळ टाळायचं, कारण तिथे घामाचा तुकतुकीतपणा असतो, समारंभाच्या दिवशी पावडर असते आणि कुंकवाची लाली आजूबाजूला उतरलेली असते. नाक आणि कान टाळायचे, ते मुळातच लालसर असतात.

परसातल्या त्या फोटोत धाकट्या काकूंचा गाल आला : लाल 196, हिरवा 156, निळा 132. थोरल्या काकूंचा : लाल 128, हिरवा 92, निळा 72. दोन्हीकडे क्रम तोच आहे, लाल सर्वांत वर, मग हिरवा, मग निळा. हा क्रम जगातल्या झाडून सगळ्या माणसांचा असतो. त्वचेला रंग देणारे मुख्य घटक दोनच, मेलॅनिन आणि रक्त, आणि ते सगळ्यांकडे आहेत. त्यामुळे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत कोणाचीही त्वचा घ्या, तिची छटा त्या एका अरुंद पट्ट्यातच सापडते. कमी-जास्त होतो तो मुख्यतः उजळपणा. व्हिडिओचं काम करणाऱ्यांच्या व्हेक्टरस्कोपवर त्वचेसाठी जी एकच तिरकी रेघ आखलेली असते ती याच भरवशावर. या दोघी जावांची छटा मोजली तर एकीची 21 अंश, दुसरीची साडेबावीस. दिसायला एवढ्या वेगळ्या असलेल्या दोघी रंगाच्या चाकावर मात्र अंगाला अंग लावून बसलेल्या.

आता ओसरीवरचा फोटो. तिथे धाकट्या काकू डावीकडे, ताडपत्रीच्या उजेडात : 184, 158, 148. लाल उतरलाय, निळा चढलाय, तिन्ही आकडे एकमेकांजवळ सरकलेत. परसात त्यांच्या रंगाचा गहिरेपणा, म्हणजे सॅच्युरेशन, 33 टक्के होतं. इथे ते 20 वर आलं. म्हणून त्या आजारी माणसासारख्या फिक्या दिसत होत्या. थोरल्या काकू उजवीकडे : 96, 58, 28. निळा जवळजवळ बुडालेला, सॅच्युरेशन 44 वरून 71 टक्क्यांवर. पिवळ्या दिव्यात निळा उजेड मुळात कमी असतो आणि काकू त्या दिव्याच्या पलीकडे उभ्या होत्या, तेव्हा एकंदर उजेडही कमी.

नातीला त्या 'फार काळ्या' दिसल्या त्याचं कारण या तीन आकड्यांत होतं. परसातल्या 128 ऐवजी इथे 96 आणि 92 ऐवजी 58. हा काळेपणा त्यांचा नव्हता, त्या जागेचा होता.

सव्वीसांपैकी परसातल्या नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या फोटोंत मला सोळा माणसं सापडली. उरलेल्या दहांचं काय करायचं? त्यांच्यासाठी मी भिंतीकडे गेले. ओसरीची मागची भिंत डावीकडून उजवीकडे एकसलग, एकाच चुन्याची होती. ती पांढरी आहे की किंचित पिवळसर, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. ती सगळीकडे सारखी आहे, एवढं पुरे. डोक्यांच्या फटींतून मी सात ठिकाणी भिंत मोजली. त्या सात आकड्यांमधून उजेड कुठे निळा आहे, कुठे वळतो, कुठे पिवळा होतो याचा नकाशाच हाती आला. वळण आजोबांच्या खुर्चीच्या जरा उजवीकडे होतं.

भिंतीवर किती विसंबायचं याला मात्र मर्यादा आहे. ती माणसांच्या मागे होती आणि दिवा तिच्यापासून हातभर अंतरावर. त्यामुळे दिव्याजवळ भिंत झगझगीत आणि त्याच्यापुढे उभ्या माणसांची तोंडं काळोखात. उजेडाचा रंग भिंतीकडून विचारावा, उजेडाचं माप विचारू नये. माप माणसांच्याच चेहऱ्यावरून घ्यावं लागतं.

आजोबांचं धोतर पांढरंशुभ्र होतं. नवखा माणूस पहिल्यांदा त्याच्याकडेच वळतो, पांढऱ्यावर आयड्रॉपर टेकवतो आणि रंग जुळला समजतो. पण आपल्याकडचं पांढरं धोतर पांढरं असतंच असं नाही. त्याला नीळ दिलेली असते, आणि नीळ द्यायची ती कापडाचा पिवळेपणा झाकून ते डोळ्याला निळसर-शुभ्र दिसावं म्हणूनच. त्या निळ्या धोतराला पांढरं ठरवलं की प्रोग्राम फोटोतला सगळा निळा कमी करायला जातो आणि सव्वीसच्या सव्वीस माणसं पिवळी पडतात. आजींच्या हातातल्या चांदीच्या तबकाचंही तेच, ते समोर असेल त्याचा रंग घेतं. अशा समारंभात विश्वासाची पांढरी वस्तू क्वचित मिळते.

फोटोग्राफर मुलानं जेपीजीबरोबर रॉ फाइलही ठेवली होती, हे माझं नशीब. थोरल्या काकूंच्या गालावरचा निळा 28 वरून 72 वर न्यायचा, हे वाचताना अडीचपट वाटतं. पण पडद्यावरचे हे आकडे उजेडाच्या सरळ पटीत चालत नाहीत, आणि प्रत्यक्ष उजेडाच्या हिशेबात ती वाढ साडेपाच पटींची असते. लाल मात्र दुपटीलाही थोडा कमीच वाढवायचा. जेपीजीत तेवढ्या अंधाऱ्या निळ्यासाठी शून्यापासून मोजून अठ्ठावीस पायऱ्या असतात. त्या ताणल्या की गालावर चट्टे उठतात, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तसे. रॉ फाइलमध्ये त्याच जागेत कितीतरी अधिक पायऱ्या शिल्लक असतात. निळ्यात थोडी रवाळ खर तिथेही उठते, पण ती रंगाच्या नॉइजचा स्लायडर हलकेच सरकवून बसवता येते. मला जेपीजी एकटाच मिळाला असता तर मी नातीला आधीच सांगितलं असतं की काकूंना मी निम्म्या वाटेपर्यंतच आणू शकेन.

मग एकाच रॉ फाइलचे मी दोन फोटो काढले. पहिला ताडपत्रीच्या उजेडासाठी, रंग-तापमान वर नेऊन, इतकं की धाकट्या काकूंचा गाल परसातल्या आकड्यांना जाऊन मिळाला. या फोटोत उजवीकडची माणसं आणखीच केशरी झाली, ती होऊ दिली. दुसरा दिव्यासाठी, तापमान 2900 केल्विनच्या आसपास आणि एक्स्पोजर एक स्टॉप वर. यात उजवीकडच्या बायका ताज्या दिसू लागल्या आणि डावीकडे सगळं निळं-पांढरं झालं. हे दोन फोटो एकावर एक ठेवले आणि वरच्याला मास्क लावला. पुढचं सगळं कौशल्य त्या मास्कच्या आकारात असतं.

पहिल्या काळात मी मास्क चेहऱ्याच्या आकाराचा करायची. चेहरा सुधारायचा आणि मान, कान, हात होते तसे राहायचे. फोटोकडे बघणाऱ्याला नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण मुखवटे लावल्यासारखं वाटतं. उजेडाला माणसाची कड ठाऊक नसते. तो दिव्यापासून गोल पसरतो, दूर जाताना विरतो, आडवं काही आलं तिथे तुटतो. म्हणून मास्कही तसाच हवा : दिव्याच्या जागेपासून निघालेला मोठा मऊ गोल, भिंत, साड्या, खांब, माणसं सगळ्यांवरून सारखा जाणारा. फक्त जिथे पुढच्या माणसाची सावली मागच्यावर पडली असेल तिथे तो हातानं, कडक ब्रशनं तोडायचा. त्या फोटोत अशा चार सावल्या होत्या. एक तर सरळ एका जावईबापूंच्या नाकावरून गेली होती. त्यांचा डावा गाल चौकाचा आणि उजवा माजघराचा, मध्ये नाकाचा बांध. तिथे मास्कची कड नाकाच्या हाडावरून नेली आणि किंचित विरघळवली.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ एका हातावर गेला. थोरल्या काकूंनी पुढच्या रांगेतल्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांचा चेहरा मागे, पिवळ्या अंधारात, आणि हात पुढे येऊन चौकाच्या निळसर उजेडात. म्हणजे एकाच बाईचा चेहरा 96, 58, 28 आणि हात पुष्कळ उजळ, राखाडी. मूळ फोटोत तो हात त्यांचा वाटतच नव्हता. मागे दुसरंच कोणी उभं राहून त्या मुलाला धरून आहे, असं वाटायचं. मास्कचा मोठा गोल त्या हातावरून गेला असता तर हात निळा पडला असता. म्हणून मनगटापासून पुढे मी मास्क पुसत गेले, बांगड्यांमधून, बोटांमधून, ब्रश अगदी बारीक करून.

हात आणि चेहरा एकाच आकड्यावर आणायचा मोह तिथेही होतो. तसं करू नये. हात आणि चेहरा कोणाचेच सारखे नसतात. उन्हानं हात अधिक रापलेले असतात, बोटांची पेरं गडद असतात, नखांपाशी त्वचा फिकी असते. परसातल्या फोटोत पत्रावळी धरलेला त्यांचा हात गालापेक्षा एक छटा गडद होता. तेवढा फरक मी तिथून मोजून आणला आणि ओसरीवरच्या हाताला दिला. अखेर तो हात मागच्या चेहऱ्याचा झाला.

रंग बसल्यावर उरतो उजळपणा. हे दोन्ही मी एका वेळी करत नाही. कर्व्हची रेघ वर ओढून त्यात तीव्रता आणली की उजेडाबरोबर तिन्ही चॅनलमधलं अंतरही वाढतं आणि सावळी त्वचा लगेच तांबूस, भाजल्यासारखी होते. त्यासाठी कर्व्हच्या लेयरचा मोड Luminosity करायचा, मग तो फक्त प्रकाश हलवतो, बसवलेल्या रंगाला हात लावत नाही. ज्या फोटोंत सावळी माणसं विटकरी दिसतात त्यांपैकी पुष्कळांत एवढंच राहून गेलेलं असतं.

किती वर न्यायचं, हा निर्णय मात्र आकडे देत नाहीत. परसातल्या आकड्यांप्रमाणे थोरल्या काकूंना 128, 92, 72 पर्यंत पोचवता आलं असतं. त्यासाठी हिरव्या चॅनलच्या हिशेबानं सुमारे एक स्टॉप आणि वर तिसरा हिस्सा उजेड लागला असता. मी एका स्टॉपवर थांबले आणि गाल 115, 82, 64 वर आला. छटा तीच 21 अंश, सॅच्युरेशन तेच 44 टक्के, फक्त उजेड जरासा कमी. कारण फोटोत दिवा दिसतो आहे आणि काकू त्या दिव्याच्या पलीकडे उभ्या आहेत. बघणाऱ्याचा डोळा न सांगता हे ध्यानात घेतो. पलीकडचा माणूस अलीकडच्याइतकाच उजळला तर तो कापून चिकटवल्यासारखा वाटतो. माझी पद्धत अशी की रंगातला फरक जवळजवळ पूर्ण काढायचा आणि उजळपणातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास. दुरून आलेला थोडा रंग डोळा माफ करत नाही, पण दुरून आलेली थोडी सावली त्याला हवीच असते.

फ्लॅश मारला असता तर हे सगळं टळलं असतं, असं कोणी म्हणेल. ताडपत्री आणि दिवा यांचा वाद मिटला असता, पण नवा उभा राहिला असता. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशपासून पुढची रांग अडीच मीटरवर असेल आणि मागची पाच मीटरवर, तर अंतर दुप्पट म्हणून मागच्यांना उजेड चौथाईच मिळतो. आजी-आजोबा पांढरेफटक आणि मागे उभी मुलं-सुना काळोखात. तेव्हा डावं-उजवं जुळवण्याऐवजी पुढचं-मागचं जुळवत बसावं लागलं असतं, आणि त्यात मास्क गोल चालत नाही, रांगांच्या आकाराचा पायऱ्यापायऱ्यांचा करावा लागतो.

सगळं झाल्यावर मी तपासणी करते ती कागदाच्या तुकड्यानं. राखाडी जाड कागदाला बोटभर अंतरावर दोन भोकं पाडलेली आहेत. छापून काढलेल्या छोट्या प्रिंटवर तो कागद धरायचा, एका भोकात एक गाल आणि दुसऱ्यात दुसरा. पूर्ण फोटो बघताना डोळा फसतो, कारण आजूबाजूचा रंग त्वचेला ढकलत असतो. थोरल्या काकूंची साडी गर्द हिरवी होती. हिरव्याशेजारी कोणतीही त्वचा असते त्याहून तांबडी भासते. मला वाटत होतं की अजून लाली उतरवायला हवी. कागद ठेवला, साडी झाकली गेली आणि कळलं की लाली बरोबर आहे. ती उतरवली असती तर त्या राखाडी पडल्या असत्या. मग प्रिंट खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिला, आणि संध्याकाळी घरातल्या दिव्याखालीही, कारण तो लागणार होता बैठकीच्या खोलीतच.

कागद एकेका जोडीवरून फिरवत गेले. दोघी जावांवर ठेवला तेव्हा एका भोकात उजळ गाल आणि दुसऱ्यात सावळा गाल. दोन्ही दिसायला वेगवेगळे, पण एकाच दुपारचे. परसातला फोटो शेजारी ठेवून पाहिला. तिथे दोघींमध्ये जेवढं अंतर होतं, जवळपास तेवढंच इथेही होतं.

नातीला मी फोटो पाठवला आणि फोनही केला, कारण तिच्या निरोपातल्या दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यायचं होतं. मी तिला सांगितलं, "काकूंना उजळ केलंय. त्या दिव्याच्या पलीकडे होत्या, तेवढा उजेड त्यांना दिलाय. त्यांचा रंग मात्र त्यांचाच ठेवलाय. विहिरीजवळच्या फोटोत आहे तोच."

ती जरा वेळ काही बोलली नाही. स्क्रीनवर फोटो मोठा करून बघत असावी. मग म्हणाली, "ताई, ओमच्या खांद्यावर हात काकूंचा आहे होय? मला इतके दिवस वाटत होतं तो आत्याचा आहे."

मी हो म्हटलं. मागून तिनं कोणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं, "काकू, इकडे या, बघा," आणि बांगड्यांचा आवाज जवळ आला.